उंदराचं पोट, माणसाचं मन

काचेचं उंच भांडं, त्यात पाणी आणि पाण्यात एक पांढरा उंदीर. भिंती गुळगुळीत असल्यानं वर चढता येत नाही आणि पाय टेकतील इतकं पाणी उथळही नाही. उंदीर आधी जिवाच्या आकांतानं पाय मारतो, काच ओरबाडतो. मग कधीतरी थकून थांबतो आणि नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून नुसता तरंगत राहतो. तो किती वेळ धडपडला आणि किती वेळ निपचित राहिला, हे संशोधक मोजत असतात. नैराश्यावरची औषधं दिलेले उंदीर साधारणपणे जास्त वेळ धडपडतात. म्हणून नवी औषधं चाळून पाहण्यासाठी ही चाचणी कित्येक वर्षं वापरात आहे.

आयर्लंडमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कचे जॉन क्रायन आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २०११ साली अशाच एका प्रयोगाचा निकाल छापला. त्यांच्या उंदरांना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. २८ दिवस रोज त्यांच्या पोटात एक जीवाणू सोडला जात होता. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जातीचा हा वाण, त्याचं नाव जेबी-१. दिवसाला सुमारे एक अब्ज जीवाणू. दुसऱ्या गटाला जीवाणू नसलेला नुसता द्रव मिळत होता. महिन्याअखेरीस जीवाणूवाले उंदीर पाण्यात कमी वेळ निपचित राहिले. उघड्या, उंच पट्टीवर जायला ते कमी बिचकले. ताण दिल्यावर रक्तात उसळणारं कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरकही त्यांच्यात कमी चढलं. मेंदू तपासला तेव्हा गाबा या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचं प्रमाण काही भागांत वाढलेलं, काही भागांत घटलेलं दिसलं. गाबा म्हणजे मेंदूतला लगाम. अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या याच यंत्रणेवर काम करतात.

इथवरचा भाग नवलाचा होता, पण प्रयोग गाजला तो पुढच्या भागामुळे. संशोधकांनी काही उंदरांची पोटाकडे जाणारी व्हेगस नस पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या खाली, कापली आणि मग तोच जीवाणू तितकेच दिवस दिला. या उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. भीती तेवढीच राहिली आणि मेंदूतले ते बदलही दिसले नाहीत. जीवाणू आतड्यात पोचत होता, पण त्याचा निरोप वर जात नव्हता, असा याचा सरळ अर्थ लावला गेला.

परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की भूक मरते. मन पोटाला हलवतं हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. या प्रयोगानं उलट दिशा दाखवली होती. पोटातला एक परका जीव मनाला हलवत होता, आणि त्याची वाट कुठली हेही बोट ठेवून सांगता येत होतं.

भटकी नस

व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ भटकणारी. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. बाकीच्या बहुतेक जोड्या डोकं आणि मान यांतच संपतात. ही मात्र घसा, हृदय, फुप्फुसं अशी वाट काढत जठर आणि आतड्यांपर्यंत उतरते. शाळेच्या पुस्तकातून अनेकांना आठवते ती तिची खाली येणारी कामं: हृदयाचे ठोके सावकाश करणं, जठररस सुटायला लावणं. पण तिच्यातले बहुसंख्य तंतू, सुमारे ८० टक्के, उलट्या दिशेनं काम करतात. ते हुकूम खाली आणत नाहीत. पोटाची खबर वर नेतात. पोट किती ताणलंय, आत काय आलंय, कुठे दाह आहे का, हे सगळं मेंदूला अखंड कळवलं जात असतं. त्यातलं फार थोडं आपल्याला जाणवतं.

मग जीवाणू या तारेपर्यंत पोचतो कसा? तो तिला स्पर्श करत नाही. आतड्याच्या पोकळीत जीवाणू असतात, मग बुळबुळीत थर, मग पेशींचं एकेरी अस्तर आणि त्या अस्तराच्या मागे व्हेगसची टोकं. निरोप द्यायला मध्ये दुभाषा लागतो. अस्तरात विखुरलेल्या काही खास पेशी ते काम करतात. त्यांचं एक टोक पोकळीकडे उघडं असतं आणि दुसरं मज्जातंतूच्या बाजूला. या पेशी फक्त रक्तात संप्रेरकं सोडतात, असा समज फार काळ होता. ती वाट संथ आहे, मिनिटांची. २०१८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिएगो बोहोर्केझ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की उंदरांमध्ये यांतल्या काही पेशी व्हेगसच्या तंतूंशी थेट जोडलेल्या असतात आणि ग्लुटामेट वापरून सेकंदापेक्षाही कमी वेळात संदेश देतात. तिथून खबर मानेतल्या एका गाठीतून मेंदूच्या देठात जाते आणि पुढे भीती, जागरूकता, ताण सांभाळणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचते.

पण त्या पेशींचा तो प्रयोग साखरेचा होता, जीवाणूंचा नव्हता. आतड्यातली साखर मेंदूला क्षणात कळते, हे त्यानं सिद्ध झालं. मूड तिथून ठरतो, हे नव्हे. तार आहे, तिच्यातून संदेश जातात, इतकं पक्कं आहे. जीवाणू त्या तारेवरून नेमकं काय बोलतात, याचं उत्तर वाणागणिक वेगळं येतं.

इथे हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट बाजूला काढायला हवी. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून आनंद पोटात तयार होतो, असं आरोग्यविषयक सदरांत वारंवार छापून येतं. पहिलं वाक्य खरं आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला आत सोडत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन आतड्याची हालचाल चालवतं आणि व्हेगसच्या टोकांना चेतवू शकतं. केमोथेरपीनंतर उलटीची भावना होते ती बरीचशी याच वाटेनं. म्हणजे त्याचा निरोप वर जातो, ते स्वतः जात नाही.

त्याच वर्षीचा दुसरा निकाल

जेबी-१चा प्रयोग २०११मध्ये गाजला, त्याच वर्षी मॅकमास्टरमधल्याच प्रेमिसल बेर्सिक यांच्या गटानं वेगळाच अनुभव मांडला. त्यांनी उंदरांना तोंडावाटे प्रतिजैविकं देऊन आतड्यातली वस्ती बदलली. उंदरांचं वागणं बदललं, ते जास्त धीट झाले. मग व्हेगस कापून पाहिली, तरीही वागणं बदललंच. म्हणजे या प्रयोगात निरोप दुसऱ्याच कुठल्या वाटेनं गेला होता. त्याच गटानं आणखी एक जीवाणू तपासला, बायफिडोबॅक्टेरियम लाँगमचा एक वाण. आतड्याला सूज आलेल्या उंदरांची भीती त्यानं कमी झाली, आणि इथे मात्र व्हेगस कापल्यावर परिणाम नाहीसा झाला.

व्हेगस ही अनेक वाटांपैकी एक आहे, एवढंच यातून निघतं. रक्तातून जाणारी रसायनं आणि प्रतिकारशक्तीचे संकेत या बाकीच्या वाटा. शिवाय नस कापण्याच्या प्रयोगालाही मर्यादा आहे. व्हेगस तोडली की जठर रिकामं होण्याचा वेग बदलतो, भूक बदलते, पचन बदलतं. परिणाम नाहीसा झाला तो तार तुटली म्हणून, की पोटच वेगळं वागू लागलं म्हणून, हे वेगळं काढणं अवघड असतं. आणि पाण्यात तरंगणारा उंदीर खरोखर हताश असतो, की शक्ती वाचवायला शिकलेला असतो, यावरही शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे.

बर्फाच्या पाण्यातला हात

या शंका मिटवायचा सरळ उपाय म्हणजे तोच जीवाणू माणसांना देणं. कॉर्कच्याच गटानं ते केलं आणि २०१७ साली निकाल छापला. २९ निरोगी पुरुष स्वयंसेवक, आठ आठवडे. प्रत्येकाला चार आठवडे जेबी-१ आणि चार आठवडे तशीच दिसणारी निष्प्रभ मात्रा. म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होणार होती. एकाचं मन हळवं आणि दुसऱ्याचं टणक, हा घोळ टळणार होता.

ताण देण्यासाठी इथे पाण्याचं भांडं नव्हतं, पण पाणी होतंच. स्वयंसेवकानं बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि त्या वेळी कुणीतरी त्याच्याकडे परीक्षकासारखं रोखून पाहत राहायचं. गारठ्यात अवघडलेपणाची भर पडली की लाळेतलं कॉर्टिसॉल चढतं. माणसातलं कॉर्टिसॉल म्हणजे उंदरातल्या कॉर्टिकोस्टेरॉनचा जोडीदार. त्याशिवाय मूड, चिंता आणि झोप यांच्या प्रश्नावल्या, स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्या, मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद आणि रक्तातले दाहाचे संकेत, असं सगळं मोजलं गेलं.

यांतल्या कशातही जेबी-१नं निष्प्रभ मात्रेवर मात केली नाही. मूड, ताण, कॉर्टिसॉल सगळं जिथल्या तिथे. ज्यांनी उंदरांवरचा गाजलेला प्रयोग केला त्यांनीच हा निकाल दडवून न ठेवता छापला, आणि उंदरातलं यश माणसापर्यंत येताना वाटेत हरवलं का, असा प्रश्न शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला.

का हरवलं असेल? प्रयोगशाळेतले हे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकसारखे असतात, जन्मापासून एकच खाद्य खातात, आणि हा विशिष्ट वाण मुळातच भित्रा म्हणून ओळखला जातो. भित्र्याला धीट करायला वाव असतो. कॉर्कचे स्वयंसेवक निरोगी होते, त्यांच्या मनाला सुधारायला जागाच कमी होती. वर प्रत्येकाच्या आतड्यात स्वतःची जुनी, पक्की वस्ती. बाहेरून आलेला जीवाणू तिथे पाहुण्यासारखा येतो आणि मात्रा थांबली की बहुधा निघून जातो. यांतलं नेमकं कोणतं कारण, हे २९ जणांच्या अभ्यासातून ठरत नाही. मात्र निरोगी माणसाला जेबी-१मुळे शांत वाटतं, या दाव्याला आधार मिळाला नाही.

आधी कोंबडी की आधी अंडं

दुसरा मार्ग म्हणजे कुणाला काही न देता नुसतं पाहणं. बेल्जियममध्ये येरून रास यांच्या गटानं २०१९ साली १०५४ लोकांच्या विष्ठेतल्या जीवाणूंची नोंद आणि त्यांच्या मनःस्वास्थ्याची माहिती शेजारी ठेवून पाहिली. नैराश्य असलेल्यांमध्ये कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे दोन गट कमी आढळले. नैराश्यावरच्या गोळ्यांचा प्रभाव हिशेबातून वजा केल्यावरही हा फरक टिकला. नेदरलँड्समधल्या तितक्याच मोठ्या दुसऱ्या गटातही तसंच चित्र दिसलं. या क्षेत्रातला हा चांगल्यापैकी भक्कम अभ्यास आहे.

तरीही तो कारण सांगत नाही. मन खचलेला माणूस भाजी-फळं कमी खातो, घराबाहेर कमी पडतो, त्याची झोप मोडते, पोट साफ होत नाही. यातली प्रत्येक गोष्ट आतड्यातले जीवाणू बदलते. बेल्जियमच्याच याच प्रकल्पाच्या आधीच्या विश्लेषणात, माणसामाणसांतल्या जीवाणूंच्या फरकाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते विष्ठेच्या घट्ट-पातळपणाचं. म्हणजे मूडचा ठसा शोधताना आधी बद्धकोष्ठाचा ठसा पुसावा लागतो, आणि तो पूर्ण पुसला गेला की नाही याची खात्री देणं कठीण असतं.

कारण सिद्ध करण्यासाठी आणखी एक युक्ती वापरली जाते. नैराश्याच्या रुग्णांची विष्ठा जीवाणू कमी केलेल्या किंवा जीवाणूमुक्त उंदीर-घुशींमध्ये घालायची आणि तेही उदास वागतात का ते पाहायचं. असे प्रयोग झाले आहेत, आणि प्राणी उदास वागले असे निकालही आले आहेत. पण त्यांत एक हिशेबाची चूक वरचेवर होते. दोन-तीन रुग्णांचे नमुने एकत्र करून वीस प्राण्यांना दिले, तर तो वीस प्रयोगांचा पुरावा होत नाही. माणसं दोन-तीनच राहतात. २०२० साली जेन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या आजारांवरचे असे ३८ अभ्यास तपासले. त्यांपैकी ३६ अभ्यासांत आजाराचं लक्षण प्राण्यात उतरलं, असा दावा होता. माणसाचे कित्येक जीवाणू उंदराच्या आतड्यात तगही धरत नाहीत, आणि तरी जवळजवळ प्रत्येक प्रयोग यशस्वी. इतकं यश संशयास्पद आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

रुग्णांवरच्या चाचण्या

उरतो तो सर्वांत महत्त्वाचा पुरावा: ज्यांना त्रास आहे अशा माणसांवरच्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या. त्यांतली एक मॅकमास्टरचीच, २०१७ची. उंदरांमध्ये व्हेगसमार्गे काम केलेला तोच बायफिडोबॅक्टेरियम लाँगमचा वाण इथे वापरला होता. आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट बिघडण्याचा विकार असलेले आणि सौम्य ते मध्यम चिंता किंवा उदासी असलेले ४४ रुग्ण. निम्म्यांना जीवाणू, निम्म्यांना निष्प्रभ पूड. सहा आठवड्यांनी नैराश्याच्या प्रश्नावलीतले गुण जीवाणू घेणाऱ्या २२ पैकी १४ जणांत ठरलेल्या मापाइतके घटले. निष्प्रभ पूड घेणाऱ्या २२ पैकी ७ जणांतही ते घटले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. १४ आणि ७ यांतला फरक उत्साह देणारा आहे. घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवल्यावर भीतीच्या केंद्राची प्रतिक्रिया जीवाणू घेणाऱ्यांमध्ये सौम्य झाल्याचं मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलं. पण काही न घेता सात जणांना बरं वाटलं, म्हणजे जवळपास तिघांतल्या एकाला. निष्प्रभ गट नसता तर श्रेय सगळं जीवाणूला मिळालं असतं. चिंतेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. पोटाच्या लक्षणांवरही ठळक परिणाम दिसला नाही. मग सुधारणा व्हेगसची की दुसऱ्या कुठल्या वाटेची? माणसाची नस कापून ते पाहता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये त्याच वर्षी ७९ लोकांवर दुसऱ्या दोन वाणांची चाचणी झाली. ही माणसं उदास होती, पण मनावरचं कुठलंही औषध घेत नव्हती. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत काही फरक नव्हता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०२३ साली छापलेल्या चाचणीत ४९ रुग्ण होते. नैराश्याचं निदान झालेलं, औषध चालू, पण गुण अपुरा. त्यांना चौदा वाणांचं मिश्रण किंवा निष्प्रभ गोळी आठ आठवडे देण्यात आली आणि मिश्रण घेणाऱ्यांची सुधारणा जास्त झाली. ही चाचणी प्राथमिक होती. मोठी चाचणी करण्यासारखं काही हाती आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं.

अशा ३४ चाचण्यांची बेरीज २०१९ साली झाली, तेव्हा नैराश्य आणि चिंता दोन्हींवर जीवाणूंचा परिणाम निघाला, पण छोटा. तो मुख्यतः आजारी गटांत दिसला, निरोगींमध्ये नव्हे. जीवाणूंचं खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या तंतुमय पुडींनी मात्र काही फरक पाडला नाही.

व्हेगसला थेट विजेचे झटके देणारं यंत्रही आहे. छातीत कातडीखाली बसवलेलं आणि मानेतल्या नसेला जोडलेलं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००५ साली परवानगी मिळाली. व्हेगसकडून वर जाणारे संदेश मूडपर्यंत पोचू शकतात, याला त्याचा थोडा आधार मिळतो. जीवाणू तेवढ्या जोरानं ती नस हलवतात का, याबद्दल ते यंत्र काहीच सांगत नाही.

त्यामुळे घरच्या दह्याची वाटी पुढे करून कुणी ही मनासाठी आहे का असं विचारलं, तर या चाचण्यांकडे उत्तर नाही. त्यांत वापरलेले वाण नाव-क्रमांकासह निवडलेले होते. विरजणात काय आणि किती आहे, ते घराघरात वेगळं. दही खाण्याची बाकी कारणं शाबूत आहेत. गोळी बंद करून कॅप्सूल सुरू करू का, या प्रश्नाला मात्र लंडनच्या चाचणीत उत्तर सापडतं. त्या ४९ जणांना कॅप्सूल दिली गेली ती चालू औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.